टिंबं

दिवाळीत थोरल्याची मुलगी अंबाजोगाईला आली ती कामाचं बाड घेऊनच. पुण्यात ती स्पॅनिश शिकली आणि आता स्पॅनिश मजकुराची मुद्रितं तपासते. मीही नोकरीत असताना शाळेची वार्षिकं, स्मरणिका यांची मुद्रितं तपासली आहेत, त्यामुळे चष्मा लावून शेजारी जाऊन बसलो. भाषा कळत नव्हती, पण समासातल्या खुणा ओळखीच्या होत्या.

तिच्यापुढे कथांचा संग्रह होता. लेखक उरुग्वे, मेक्सिको, स्पेन असे ठिकठिकाणचे. "आबा, यात चूक काय आणि त्यांच्याकडची पद्धत काय, हे ठरवण्यातच दिवस जातो," म्हणाली.

उरुग्वेच्या कथेतलं तिनं दाखवलं. 'तुझ्याकडे आहे' याला स्पेनमध्ये 'तू तिएनेस' म्हणतात. अर्जेंटिनात सर्वनामही वेगळं आणि क्रियापदही, 'वोस तेनेस'. या लेखकानं मात्र 'तू तेनेस' लिहिलेलं, म्हणजे सर्वनाम एकीकडचं, क्रियापद दुसरीकडचं. तिनं आधी पेन्सिलीनं 'तिएनेस' केलं होतं. मग कथा पहिल्यापासून वाचली, तर सगळीकडे तसंच. आता चुकणारा माणूस इतका नेमानं चुकत नाही, म्हणून तिनं कोश उघडला. स्पेनची अकादमी (स्थापना 1713) आणि इतर देशांतल्या अकादम्या यांनी मिळून 2005 साली खास शंकांचाच एक कोश काढला आहे. त्यात कोणतं रूप कुठे चालतं हे देशवार दिलेलं असतं. माँटेव्हिडिओत शिकलेली माणसंही 'तू तेनेस' म्हणतात. झालं, तिनं आपलीच दुरुस्ती मागे घेतली आणि शब्दाखाली टिंबं दिली. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं म्हणजे 'होतं तसं ठेवा', ही खूण आमच्या वेळेपासूनची.

पण त्याच कथेत दोन ठिकाणी 'तेनेस'मधल्या शेवटच्या स्वरावरची तिरकी रेघ राहिली होती. ती मात्र चूकच. रूप उरुग्वेचं असलं, तरी ते लिहायचा नियम तिथेही ठरलेला आहे. एकाच शब्दात पद्धत आणि चूक शेजारी शेजारी बसू शकतात, हे मला नवीन होतं.

मी विचारलं, "मग पुष्कळ लोक बोलतात ते बरोबर, असं का?" तर तसंही नाही. 'असो, असावं' या अर्थी 'आया' असं रूप आहे. त्याऐवजी 'आयगा' म्हणणारे खेड्यापाड्यांत जवळजवळ सगळ्या देशांत सापडतात, पण निवेदनात ते कुठलाच संपादक ठेवत नाही. पात्राच्या तोंडी असेल तर हात लावायचा नाही. मला आपलं 'मपलं' आठवलं. बीडकडे घरोघरी 'मपलं-तुपलं' चालतं, पण वर्गात मीच ते मुलांच्या वह्यांतून खोडत आलो.

सगळ्यात फसवा शब्द मेक्सिकोचा निघाला, 'आस्ता'. म्हणजे 'पर्यंत'. 'दुकान दहापर्यंत उघडतं' अशा घडणीचं वाक्य होतं. मेक्सिकन माणूस त्यातून 'दहा वाजल्याशिवाय उघडत नाही' असं समजतो आणि स्पेनचा वाचक दहाला बंद होतं असं समजतो. इथे चूक नाही, पण गप्पही बसता येत नाही. तिनं शब्द तसाच ठेवून समासात लेखकाला प्रश्न लिहिला. आम्ही असे प्रश्न कधी लिहिलेच नाहीत, लाल शाई हातात असायची ना!

त्यावरून एक गोष्ट तिला सांगितली, ती आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती. शिक्षकांच्या एका स्मरणिकेसाठी कोल्हापूरकडच्या एका बाईंनी आईवर लेख पाठवला होता. त्यात आई म्हणते, "मी बाजारातनं आलो, जरा बसलो." तिकडे बायका असंच बोलतात, हे मला ऐकून माहीत होतं. तरीही स्त्रीच्या तोंडी 'आलो' पाहून हात गेला. लेखभर 'आले', 'बसले' करून टाकलं आणि वर शाबासकीची अपेक्षा! अंक पोचल्यावर बाईंचं कार्ड आलं. त्यावर एकच वाक्य होतं, "ही माझी आई नाही." मी उत्तर दिलं नाही. काय देणार होतो?

नात म्हणाली, "आबा, तो अंक आहे का?" माळ्यावरून काढून दिला. तिनं लेख वाचला, पेन्सिल उचलली आणि तशीच खाली ठेवली. छापलेल्या पानावर 'आलो' कुठेच नव्हता, टिंबं द्यायची तरी कशाखाली?