आठ आकड्यातला मंगळ

बोईसर स्टेशनजवळच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात मावशींनी मोबाइल पुढे केला. मुलगा तारापूर एमआयडीसीत, त्याला स्थळ आलंय. मुलगी इथलीच, वडील मूळचे जौनपूरकडचे. पत्रिका गावच्या पंडितजींनी हिंदीत मांडलेली, आणि व्हॉट्सॲपवर चार हात फिरून धुरकट झालेला तिचा फोटो.

"पालघरच्या गुरुजींना हिंदी येतं हो. पण आधी मला कळू दे. आठव्यात मंगळ आहे म्हणे!"

भविष्य सांगणं माझं काम नाही, आहे ते मराठीत उतरवून देतो. पण त्या आठव्याकडे आधी बघावंच लागलं.

*

चौकटीत 'मं.' होता आणि शेजारी ८. मावशींनी आठ वाचला आणि घाबरल्या. खरं तर पत्रिकेतला आकडा घराचा नसतोच, राशीचा असतो. १ मेष, २ वृषभ, असं करत १२ मीन. घर ओळखायचं ते जागेवरून: वरचा मधला चौकोन पहिला, तिथून डाव्या हाताला मोजत जायचं, घड्याळाच्या उलट. या पत्रिकेत वरच्या मधल्या घरात २, म्हणजे लग्न वृषभ. तिथून मोजत गेलं की बरोबर समोरचं, खालचं मधलं घर सातवं, आणि त्यात ८, म्हणजे वृश्चिक रास. मंगळ आठव्या राशीत आहे खरा, पण सातव्या घरात.

मावशींना मी बोटाने दोनदा मोजून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः मोजलं.

सातवं घरही मंगळाच्या यादीत येतंच. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, या पाच घरांत मंगळ असला की आपल्याकडे मंगळाची पत्रिका म्हणतात. तेव्हा मंगळ गेला नाही, फक्त घर बदललं. ते मी तसंच लिहिलं. पुढचं गुरुजी बघतील.

*

घरांची नावं हिंदी पत्रिकेत संस्कृत असतात, आणि नुसती वाचली तर भीती वाटते. जाया म्हणजे सातवं, जोडीदाराचं. रिपु सहावं: शत्रू, आजार, कर्ज. सहज म्हणजे 'सोपं' नव्हे, बरोबर जन्मलेली, म्हणून तिसरं घर भावंडांचं. आपण त्याला पराक्रमस्थान म्हणतो. आय म्हणजे आपलं लाभस्थान. एका मराठी प्रतीत मी 'आय'ची 'आई' झालेली पाहिली आहे! आई चौथ्या घरात असते, अकराव्यात नाही.

*

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दोन अक्षरांवर. एका घरात 'गु.' आणि 'श', दुसऱ्यात 'रा.' आणि 'श'. शुक्राचा 'शु' आणि शनीचा 'श' यांत फरक एका उकाराचा, आणि फोटोत उकारच सगळ्यात आधी पुसतो. यातला शनी कुठला?

इथे अंदाज चालत नाही, पण आकाश मदतीला येतं. पृथ्वीवरून पाहताना शुक्र सूर्यापासून ४७-४८ अंशांपलीकडे जातच नाही. एक रास ३० अंशांची, म्हणून पत्रिकेत शुक्र सूर्याच्या घरात किंवा फार तर दोन घरं अलीकडे-पलीकडे. या मुलीचा सूर्य सिंहेत, आकडा ५. गुरूबरोबरचा 'श' मेषेत, आकडा १, म्हणजे सूर्यापासून चार घरं लांब. तो शुक्र असूच शकत नाही, शनीच. राहूबरोबरचा कर्केतला, आकडा ४, तो शुक्र.

असाच पडताळा राहू-केतूचा. दोघं नेहमी समोरासमोर: इथे राहू ४ मध्ये, केतू १० मध्ये. ते समोरासमोर आले नाहीत तर समजावं की एक अक्षर तरी चुकीचं वाचलंय.

*

खालच्या तक्त्यात शुक्रापुढे ३-२६ आणि 'व'. मावशी म्हणाल्या, "आता तर म्हणालास ना कर्क म्हणजे चार?"

बरोबर हटकलं. या तक्त्यात पहिला आकडा पूर्ण झालेल्या राशींचा असतो. तीन राशी संपल्या, चौथीत २६ अंश झाले, म्हणजे कर्कच. सूर्यापुढे ४-१६ होतं, तेही तसंच, सिंहेत १६ अंश. 'व' म्हणजे वक्री, त्या काळात ग्रह आकाशात उलटा सरकताना दिसत होता. वाकडा, वाईट असं काही नाही.

*

तिथीवर मोठा घोळ. बायोडेटात ३ सप्टेंबर १९९९. पत्रिकेत 'भाद्रपद कृष्ण ८, गुरुवार'. मावशींच्या मते मुलगी गोकुळाष्टमीची, म्हणजे श्रावणातली; आणि ३ तारखेला शुक्रवार होता, हे त्यांनी मोबाइलवर पाहून ठेवलेलं.

दोन्ही बरोबर. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे असतो. आपली श्रावण वद्य अष्टमी तीच त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. मराठी प्रतीत मी श्रावण वद्य ८ लिहून कंसात मूळ शब्द ठेवले.

वाराचं कारण वेगळं. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बारा वाजता नाही. मुलगी मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी जन्मली, म्हणून इंग्रजी तारीख ३ आणि वार गुरुवारच.

हे 'दहा मिनिटं' पत्रिकेत कुठेच नव्हतं. होतं फक्त 'सूर्योदय ६-२५, इष्ट घटी ४४, पळे २२'. इष्ट म्हणजे सूर्योदयापासून जन्मापर्यंत गेलेला वेळ. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. ४४ घटी म्हणजे १७ तास ३६ मिनिटं, २२ पळं म्हणजे जवळपास ९ मिनिटं. ६-२५ मध्ये मिळवा, रात्रीचे बारा दहा.

सूर्योदय कुठला धरलाय हेही पाहावं लागतं. त्या दिवसांत जौनपूरला सूर्य पाऊणेक तास आधी उगवतो. तिथला सूर्योदय धरून इथल्या मुलीचं इष्ट मोजलं असतं तर लग्नाचे अंशही सरकले असते. ६-२५ हा आपल्या बाजूचा सूर्योदय, पंडितजींनी काम नीट केलंय.

*

'जन्मस्थान बोईसर, जि. ठाणे' वाचून मावशींना शंका आली. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. १९९९ मध्ये बोईसर ठाण्यातच. अनुवादात जिल्हा बदलायचा नाही.

*

शेवटचा तक्ता अवकहडाचा. नक्षत्र रोहिणी, चरण २, गण मनुष्य, योनी सर्प, नाडी अंत्य, वर्ण वैश्य. 'वैश्य' वाचून मावशी जातीवर घसरल्या. हा वर्ण चंद्रराशीवरून ठरतो, वृषभ रास असेल तर कुणाचाही वैश्यच. सर्प योनीचं तसंच, ते नक्षत्रावरून. आडनावाशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

*

मराठी प्रतीत दोन जागी मी 'अस्पष्ट' लिहिलं, तिथे कागदाची घडी होती. पत्रिकेचा फोटो पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं: घडी उलगडून, दिवसाच्या उजेडात, वरून सरळ काढा, कुंडलीखालचे तक्तेही येऊ द्या, आणि व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.