ठेव परत करेपर्यंत

आपल्या घराण्यांत ठेवीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दूरगावी निघालेला शेजारी दागिन्यांची पुरचुंडी आजोबांच्या स्वाधीन करी. आजोबा ती तिजोरीत वेगळी ठेवीत आणि मालक परतला की गाठही न सोडता त्याच्या हाती देत. मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट हीही अशीच ठेव असते. फरक एवढाच की दागिन्यांची ठेव चाचपून पाहायला कोणी येत नाही, आणि गोष्टीची ठेव मात्र लोक रोज येऊन चाचपून पाहतात. हे मला काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात उमगले. ज्या मित्राची ही गोष्ट, त्याला हा मजकूर आधी वाचून दाखवला आहे. त्याच्या संमतीवाचून यातील एक ओळही छपाईला दिलेली नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची दुकाने समोरासमोर. तो हळदीचा अडत्या, मी बारदानाचा व्यापारी. शाळेपासूनची मैत्री. सगळा बाजार त्याला आप्पा म्हणतो, म्हणून येथेही तेच नाव वापरतो. एके दिवशी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून आम्ही नदीकडे फिरायला गेलो असता त्याने सांगितले, की परराज्यातील एका खरेदीदाराकडे त्याचे ३८ लाख रुपये अडकले आहेत.

अडतीचा व्यवसाय ज्यांच्या घरात आहे त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी अडत्याने वेळेवर चुकती करायची. खरेदीदाराचे पैसे मागाहून येतात. मधली पोकळी अडत्याने स्वतःच्या भांडवलातून आणि बँकेच्या कर्जातून भरून काढायची. आप्पाची कर्जमर्यादा संपली होती. तरीही तो बुडालेला नव्हता. त्याचे येणे देण्यापेक्षा जास्त होते आणि शहराबाहेर एक प्लॉटही होता. त्याला हवे होते चार-पाच महिने. पण बाजारात कुणकुण लागली असती, तर चार महिन्यांत सावकाश मागितले जाणारे पैसे चार दिवसांत मागितले गेले असते, आणि देऊ शकणारे दुकानही त्या गर्दीत बसले असते.

मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. "हे आणखी कोणाला ठाऊक आहे?" तो म्हणाला, "घरी, आणि आता तुला." "कधीपर्यंत कोणाला सांगायचं नाही?" "मी स्वतः सांगेपर्यंत." तिसरा प्रश्न विचारायचे मी विसरलो. माझ्या भरवशावर कोणी तुझ्याशी नवा व्यवहार करू लागला, तर मी काय करायचे? या विसरण्याची किंमत पुढे मोजावी लागली.

पंधरवड्यातच विचारणा सुरू झाली. "आप्पांचं काय चाललंय?" असे सरळ विचारणारे सर्वांत सोपे, त्यांना त्यांच्याकडेच पाठवता येते. अवघड होते ते सगळे ठाऊक असल्याचा आव आणणारे. एक व्यापारी चहा घेता घेता सहज म्हणाला, "पन्नास लाख अडकले म्हणे." माझ्या ओठांवर शब्द आलेच होते, "छे, इतके नाहीत." बचावाच्या ओघात उच्चारलेल्या त्या तीन शब्दांत सगळे गुपित बाहेर पडले असते. चुकीचा आकडा पुढे टाकायचा आणि समोरच्याला तो दुरुस्त करू द्यायचा, ही युक्ती आपण भाव काढताना रोज वापरतो. पण ती आपल्यावर चालवली जाते तेव्हा ओळखू येत नाही. तेव्हापासून मी ठरवले, की आकडा कितीही खोटा असो, तो आपण दुरुस्त करायचा नाही.

तिसरा प्रकार मायेचा. यार्डातले एक वडीलधारे काका जवळ बसून म्हणाले, "अरे, मदत करावी म्हणून विचारतो." अशा वेळी नकार दिला तर आपणच मित्राच्या आड आल्यासारखे वाटते. मी म्हणालो, "काका, आप्पांचा तुमच्यावर लोभ आहे. तुम्हीच दुकानात जाऊन त्यांच्याशी बोला." काका गेले नाहीत. त्यांच्या मनात खरोखर काय होते, याचा निवाडा मी करणार नाही. परंतु मदत करायची असेल तर त्या माणसाकडे जाणारी वाट मोकळीच असते. मला मधे घेण्याचे कारण उरत नाही.

चूक झाली ती निराळ्याच ठिकाणी. एका हुंडेकऱ्याने एके सकाळी ओळीने तीन दुकानांची चौकशी केली. पहिल्या दोघांबद्दल मी म्हणालो, "उत्तम चाललंय." आप्पांचे नाव येताच म्हणालो, "मला ठाऊक नाही." तो नुसता हसला. त्याला हवे ते मिळाले होते. चांगले असेल तेव्हा बोलायचे आणि अडचण असेल तेव्हा गप्प बसायचे, असा माणसाचा शिरस्ता असला की त्याचे गप्प बसणेच बातमी होते.

त्या रात्री मी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढला. सत्याणुव्रताचे पाच अतिचार लहानपणी पाठ केले होते. अर्थाकडे लक्ष गेले ते त्या दिवशी. न्यासापहार, म्हणजे ठेवीचा अपहार, आणि साकारमंत्रभेद, म्हणजे चेहऱ्यावरून वा हालचालीवरून दुसऱ्याच्या मनातले ओळखून ते उघड करणे, हे दोन्ही तेथे शेजारी-शेजारी आहेत. हुंडेकऱ्याने माझा चेहरा वाचला होता हे खरे, पण वाचण्याजोगा तो मीच केला होता. शिवाय "मला ठाऊक नाही" हे सरळ असत्य होते. समंतभद्राचार्यांनी तर रत्नकरंडकात म्हटले आहे, की दुसऱ्यावर संकट आणणारे सत्यही सत्याणुव्रती बोलत नाही. म्हणजे खोटे बोलायचे नाही आणि घातक खरेही बोलायचे नाही. या दोहोंमध्ये उभे राहण्यापुरती जागा शोधायला हवी होती.

ती जागा मला एका वाक्यात सापडली: "दुसऱ्याच्या दुकानाविषयी मी बोलत नाही." हे वाक्य आप्पांपुरते ठेवले असते तर निरुपयोगी ठरले असते. म्हणून ज्यांची भरभराट मला पक्की ठाऊक होती, त्यांच्याविषयीही मी तेच बोलू लागलो. पहिले काही दिवस लोकांना तो ताठा वाटला. एकाने तर माझ्या तोंडावर विचारले, "कधीपासून एवढे मोठे झालात?" तीन-चार आठवड्यांनी मात्र ती माझी सवय म्हणून मान्य झाली. सवयीतून कोणाला बातमी मिळत नाही.

घरातही प्रसंग आला. सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, आप्पाभावजींचं काही बिनसलंय का?" मी म्हणालो, "माझी गोष्ट असती तर तुला सांगितली असती." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग एवढंच सांगा, आपल्या घराला काही धोका आहे का?" हा प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार होता, आणि त्याचे खरे उत्तर मित्राची गोष्ट न उघडताही देता येत होते. "नाही," मी म्हणालो. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

तिला "नाही" म्हणताना माझ्याच वहीतला एक आकडा डोळ्यांपुढे होता. आप्पाकडे बारदानाचे माझे २ लाख ४० हजार येणे होते. सगळ्यांच्या आधी मला ठाऊक झाले आहे, तर सगळ्यांच्या आधी वसूल करावे, हा विचार मनात आलाच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण मला ही माहिती व्यापारी म्हणून मिळालेली नव्हती. ठेवीतले दागिने विकले नाहीत, तरी मालकाला न विचारता लग्नात घालून मिरवले तर ती ठेव मोडलीच. वसुलीचा मुलगा नेहमीच्या तारखेलाच पाठवायचा आणि मिळेल ते जमा करून घ्यायचे, असे मी ठरवले आणि पाळले.

खरी परीक्षा ज्येष्ठात आली. माझा मेहुणा या व्यापारात नवा. तो दुकानात येऊन म्हणाला, "दाजी, नव्वद पोती हळद आप्पांकडे टाकतोय. पैसे दोन महिन्यांनी. तुम्हीच म्हणाला होता ना, डोळे झाकून टाक?" मी खरोखरच तसे म्हणालो होतो, तीन वर्षांपूर्वी. साडेतीन लाखांच्या आसपासचा माल होता. आता "मी बोलत नाही" एवढ्याने भागणार नव्हते. माझा जुना शब्द अजून त्या व्यवहाराला जामीन उभा होता. बोललो तर आप्पाचा घात. गप्प बसलो तर माझ्या शब्दावर विसंबलेल्या माणसाचा.

मी त्याच्याकडे दोन दिवसांची मुदत मागितली आणि त्याच संध्याकाळी आप्पाकडे गेलो. "तुझी गोष्ट मी कोणाला सांगणार नाही," मी म्हणालो, "पण माझ्या शब्दावर कोणी तुला उधार माल देत असेल, तर मला तसंच बसून राहता येणार नाही. एक तर तू तो घेऊ नकोस, नाहीतर मला शब्दातून मोकळं कर." तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तू पहिल्याच दिवशी हे विचारायला हवं होतंस. आणि मीही सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने मेहुण्याला स्वतः फोन केला: "या हंगामात मी नवी उधारी घेत नाही. रोखीचं जमेल तेवढंच घेतो." पुढे त्याने हे सगळ्यांनाच सांगितले. ते शब्दशः खरे होते, आणि बाजाराने ते सावधपणाचे लक्षण मानले. मेहुण्याने माल दुसरीकडे विकला. क्विंटलमागे दोनशे रुपये कमी मिळाले, म्हणजे ४५ क्विंटलला ९ हजारांचा फरक. "दाजी, तुम्हाला ठाऊक होतं ना?" त्याने विचारले. "त्यावर मी बोलणार नाही," मी म्हणालो. दिवाळीपर्यंत तो आमच्या घरी आला नाही. सौभाग्यवतींना त्याचे दुःख झाले आणि मला तेही मुकाट्याने पाहावे लागले.

गणपतीपर्यंत आप्पाचे २९ लाख तीन हप्त्यांत आले. उरलेले बुडाल्यातच जमा होते. त्याने प्लॉट विकला आणि दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी सर्वांचे देणे फेडले. माझेही, माझी पाळी आली तेव्हा. नंतर एके दिवशी त्याने दुकानात चार माणसांदेखत सगळी हकिगत स्वतः सांगितली. मेहुणाही तेथे होता. जाताना तो माझ्याजवळ थांबला, काही बोलला नाही. भाऊबीजेला मात्र आला.

हा लेख आप्पाला वाचून दाखवला तेव्हा त्याने एक वाक्य काढायला सांगितले. मी ते काढले आहे. तेवढी ठेव अजून माझ्याकडे आहे.