निधी थांबवण्याचं पत्र

संपादकांनी देणगीदार आणि संस्था यांच्यातल्या व्यवहारावर लिहायला सांगितलं, तेव्हा मला गेल्या मार्चमध्ये लिहिलेलं एक पत्रच आठवत राहिलं. कंपन्यांच्या सीएसआर निधीचा हिशेब पाहणं हे माझं काम. बालवाड्या उत्तम चालवणाऱ्या एका संस्थेची मदत आम्ही त्या पत्राने बंद केली.

करार १५ लाखांचा, तीन हप्त्यांत. पहिले ६ लाख दिले. दर तिमाहीला कामाचा अहवाल आणि अंदाजपत्रकातल्या प्रत्येक बाबीसमोर झालेला खर्च, एवढंच यायला हवं होतं. दोन तिमाह्या काहीच आलं नाही. स्मरणपत्रांना उत्तर म्हणून व्हॉट्सअॅपवर मुलांचे फोटो आले. बालवाडी भरते हे फोटोत दिसतं. सेविकांचं मानधन कोणत्या पैशांतून दिलं, ते दिसत नाही.

मुलं शिकताहेत ना, मग कागदांचा हट्ट कशाला, असं लोक विचारतात. मला या प्रश्नाचा आता शीण येतो. संस्थेला पैसे दिले म्हणजे कंपनीचा सीएसआर खर्च झाला, असं कायदा मानत नाही. संस्थेने ते ठरलेल्या कामावर वापरले, तरच तो खर्च. २०२१च्या सुधारित नियमांनुसार तसं प्रमाणित करण्याची जबाबदारी कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यावर आहे. हिशेबच नसेल तर तो सही कशावर करणार?

शेवटी आम्ही प्रकल्पाच्या बँक खात्याचा उतारा मागवला. त्यात संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात वेळोवेळी वळवलेल्या गोल रकमा होत्या. दुसऱ्या देणगीदाराचा हप्ता रखडला, म्हणून त्या प्रकल्पातले पगार आमच्या पैशांतून भागवले होते. कुणी खिशात काही घातलं नव्हतं. पण अशी उसनवारी फिटेपर्यंत खरा अहवाल लिहिता येत नाही, आणि खोटा लिहायची त्यांची तयारी नव्हती. अहवाल थकतात, त्यामागे अनेकदा हेच असतं.

यात देणगीदारांचाही वाटा आहे, हे मी बैठकांमध्ये भांडून सांगते. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर यंत्रणेसाठी आहे, संस्थेसाठी नाही. तरी तीच संस्थेवर लादली जाते. मग पूर्णवेळ हिशेबनीस ठेवायला पैसेच उरत नाहीत.

तरीही पत्र गेलं. त्यात अपहाराचा शब्द येऊ दिला नाही, कारण तसा पुरावा नव्हता. कराराचं कलम, न आलेल्या अहवालांच्या तारखा आणि उरलेले ९ लाख मिळणार नाहीत, हे स्पष्ट लिहिलं. वळवलेली रक्कम संस्थेने प्रकल्पाच्या खात्यात परत भरावी आणि सनदी लेखापालाचं उपयोगिता प्रमाणपत्र ३० दिवसांत द्यावं, असं सांगितलं. सेविकांचं मार्चअखेरचं मानधन मात्र शिल्लक रकमेतून आधी द्यावं आणि उरेल ते आम्हाला परत करावं, असं वेगळ्या परिच्छेदात लिहिलं. कंपनीच्या वकिलांना तो परिच्छेद नको होता. मी तो काढू दिला नाही.