कर्ज फिटले, कागद कुठे आहेत?

18 मार्च 2025

मा. शाखा व्यवस्थापक यांस,


आमच्या गृहकर्जाची उरलेली सगळी रक्कम 7 जानेवारीला तुमच्या खात्यात जमा झाली. ‘लोन क्लोजर लेटर’ही आले. पण त्यात फक्त कर्ज खाते क्रमांक आहे आणि बाकी शून्य असल्याचे एक वाक्य आहे. मला हवा आहे तो ना-देय दाखला. त्यात आम्हा दोघा कर्जदारांची नावे, फ्लॅटचे पूर्ण वर्णन, कर्ज बंद झाल्याची तारीख आणि या मालमत्तेवर तुमच्या गृहवित्त कंपनीचा कोणताही बोजा उरलेला नाही हे स्पष्टपणे लिहिलेले असावे. आमच्या सोसायटीने कर्जाची नोंद आपल्या दप्तरी घेतलेली आहे. फ्लॅटचे वर्णनच नसलेल्या पत्रावर ती काढता येत नाही, असे सचिवांनी सांगितले आहे.

आता मूळ कागदपत्रांविषयी. कर्ज देताना तुम्ही आमच्याकडून सहा कागद घेतले आणि त्यांची यादी शिक्क्यासह दिली. आमचा नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक 2, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे ना-हरकत पत्र आणि बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेला मूळ करारनामा. गेल्या आठवड्यात शाखेत पाकीट उघडले तेव्हा पहिले पाच कागद निघाले, सहावा नव्हता. तरी माझ्यापुढे छापील पोच आली : ‘सर्व मूळ कागदपत्रे मिळाली, तक्रार नाही.’ तुमचे अधिकारी म्हणाले, “मॅडम, आत्ता सही करा, राहिलेला कागद सापडला की कळवतो.” मी सही केली नाही आणि पाचही कागद तिथेच राहिले. मिळालेल्या पाच कागदांची नावे लिहून आणि ‘सहावा मिळालेला नाही’ असा शेरा मारून मी पोच द्यायला तयार होते. तशी पोच घ्यायला तुम्ही नकार दिलात.

तो कागद जुना आहे, पण बिनकामाचा नाही. आमचा फ्लॅट पुनर्विक्रीचा. बिल्डरकडून पहिल्या मालकाकडे आणि त्याच्याकडून आमच्याकडे मालकी कशी आली, ते या दोन करारनाम्यांवरून सिद्ध होते. उद्या आम्ही फ्लॅट विकायला काढला तर घेणाऱ्याची बँक दोन्ही करार मुळातून मागणार. पहिला नसेल तर तो दुसरीकडे कुठे गहाण तर नाही ना, ही शंका घेणार आणि व्यवहार अडणार.

रिझर्व्ह बँकेचे 13 सप्टेंबर 2023 चे परिपत्रक गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. कर्ज फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि बोज्याची नोंद काढायची. कंपनीमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची. कागद हरवला असेल तर प्रमाणित प्रत मिळवायला मदत करायची आणि त्याचा खर्च कंपनीने सोसायचा. त्यासाठी आणखी 30 दिवस मिळतात, भरपाई त्यानंतर सुरू होते.

आमची पहिली मुदत 6 फेब्रुवारीला संपली. कागद गोदामात सापडत नसल्याचा तुमचा ई-मेल त्यानंतर आला. तुम्हाला जादा 30 दिवस धरले तरी ते 8 मार्चला संपले. 9 ते 18 मार्च या दहा दिवसांचे 50,000 रुपये आजवर देय आहेत आणि रोज त्यात भर पडते आहे. मला या पैशांपेक्षा कागद महत्त्वाचा आहे. पण भरपाई सोडून दिली तर तो शोधायची घाई तुम्हाला उरणार नाही, म्हणून ती मी मागणारच.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. वर लिहिल्याप्रमाणे ना-देय दाखला द्यावा. पाच कागद यादीनिहाय पोच घेऊन ताबडतोब द्यावेत. सहाव्यासाठी पोलिसांत हरवल्याची तक्रार करावी, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी आणि तो करार जिथे नोंदला गेला त्या दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढावी. कागद कंपनीच्या ताब्यात असताना हरवला, असे प्रतिज्ञापत्रही सोबत हवे. नाहीतर हलगर्जी आमची ठरेल. सेरसाईतला बोजा आणि दुय्यम निबंधकांकडे दाखल केलेली गहाणाची सूचना, दोन्ही रद्द करून त्याचा पुरावा द्यावा. तारण म्हणून घेतलेले कोरे धनादेश परत करावेत आणि हप्त्याचा नॅच आदेश बंद करावा.

हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे, प्रत तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना. समाधानकारक उत्तर आले नाही तर गृहवित्त कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय आवास बँकेकडे तक्रार करीन. पाच कागद घ्यायला आम्ही दोघे येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता शाखेत येत आहोत. कागदांच्या नावांनिशी पोच तयार ठेवावी.

आपली,
सहकर्जदार