टीपकागद

माझ्या भाचीने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला फोनवर एक छायाचित्र पाठवले आणि पाठोपाठ तिचाच आवाज आला.

"मामा, हे आमच्या ऑफिसातल्या मॅडमचं टेबल. त्यांना दिवाळीची भेट द्यायचीय. शाईच्या पेनांचा नाद आहे त्यांना, म्हणून तुला विचारतेय. पाच हजारांपर्यंत चालेल. चांगलं पेन सुचव."

पाच हजारांचा आकडा ऐकून मी जरा दचकलो. पण त्याचे कारण मला ठाऊक होते. जून महिन्यात माझी बहीण तीन आठवडे इस्पितळात होती. तेवढे दिवस भाचीच्या वाट्याचे काम या बाईंनी आपले सांभाळून केले, आणि कुणाला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. असे उपकार मनात सलत राहतात. भाचीला ते एकदाचे फेडून मोकळे व्हायचे होते.

मी छायाचित्र पाहिले. खंडेनवमीला सगळ्यांनी आपापली टेबले सजवली होती, आणि बाईंनी स्वतःच हा फोटो ऑफिसच्या मंडळींना पाठवला होता. संगणकाला झेंडूची माळ, पुढे सात पेने ओळीने मांडलेली, प्रत्येकावर हळदकुंकवाचे बोट, शेजारी शाईच्या दोन बाटल्या. पाहून माझे मन प्रसन्न झाले. पेनांची पूजा करणारी व्यक्ती हल्ली भेटते कुठे?

पण सुचवायला काहीच सुचेना. सात पेने असलेल्या माणसाला आठवे देणे म्हणजे गवयाला तंबोरा देण्यासारखे आहे. त्याला कोणता हवा ते त्याचा त्यालाच ठाऊक, आणि हवा होता तो त्याने केव्हाच घेतलेला असतो. शिवाय पूजेचे टेबल हे लग्नातल्या माणसासारखे असते. ते नटलेले असते. त्याला रोज कुठे टोचते, ते त्या दिवशी कळत नाही.

"याच टेबलाचा साध्या दिवसाचा फोटो आहे का?" मी विचारले.

"त्यांच्या नकळत काढू की काय?"

"मुळीच नाही. आधीचा एखादा असेल तर बघ."

शोधाशोध करून तिने जुलैमधला एक फोटो पाठवला. तिच्या वाढदिवसाचा केक बाईंच्या टेबलाजवळ कापला होता. पुढे केक, टाळ्या वाजवणारी माणसे आणि मागे, कुणाचेही लक्ष नसलेले, ते टेबल. मी दोन बोटांनी चित्र मोठे केले आणि केक बाजूला सारून टेबल पाहू लागलो.

संगणकाचा माउस कळफलकाच्या डाव्या बाजूला होता. चहाच्या कपाचा कान डावीकडे वळलेला होता. फोन समोरून काढला की कधी कधी चित्र आरशातल्यासारखे उलटे येते, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे पाहिले. ते सुलटे होते. मग वही पाहिली. ती उघडी होती. उजव्या पानावर निळ्या शाईत मराठी टिपणे होती, आणि अक्षरांच्या उजव्या अंगाला निळसर धूर पसरल्यासारखा डाग होता. डावे पान कोरे होते. पण त्यावर मागच्या मजकुराचे निळे ठिपके उमटले होते. वहीवर पातळ कागदी रुमालाची एक घडी पडलेली होती. आणखी एक गंमत म्हणजे, अक्षर घोटीव होते, पण शब्दांवर शिरोरेघाच नव्हत्या.

"मॅडम डावखुऱ्या आहेत का गं?" मी विचारले.

पलीकडे शांतता पसरली. दोन वर्षे शेजारच्या टेबलावर बसूनही भाचीला ते सांगता येईना.

मी तिला हसलो नाही. मला हसण्याचा अधिकार नव्हता.

तीस वर्षांपूर्वी माझ्या कचेरीत माझ्या शेजारी एक गृहस्थ बसत. सज्जन, अबोल, कामाला वाघ. एका दिवाळीला मी त्यांना एक फाउंटन पेन दिले. साधेसुधे नव्हे, बोरूसारखे तिरके कापलेले रुंद टोक असलेले. अशा टोकाने देवनागरी लिहिली की रेघ कुठे जाड, कुठे बारीक अशी डौलदार येते. मी स्वतः त्या टोकावर लुब्ध होतो. त्यांनी हात जोडून पेन घेतले आणि त्या दिवसापासून ते रोज त्यांच्या खिशाला असे. मला धन्यता वाटे. वर्षभराने एकदा सहीसाठी मी ते त्यांच्या खिशातून उचलले. ते कोरडे होते. त्यात शाई कधी भरलीच गेली नव्हती.

"तुमची भेट आहे, जपून ठेवलंय," ते ओशाळून म्हणाले आणि आपल्या बॉलपेनने डाव्या हाताने लिहू लागले.

त्या दिवशी मी प्रथम त्यांचा हात पाहिला. उजव्या हाताने लिहिणारा अक्षरे मागे टाकत पुढे जातो. डावखुऱ्याचा हात अक्षरांच्या मागून येतो आणि ओली शाई पुसत जातो. उजवा हात टोक ओढत नेतो, तर डाव्याला बहुधा ते पुढे ढकलावे लागते. माझे ते डौलदार तिरके टोक त्यांच्या हाती कागदात रुतत असणार, आणि त्याची भरपूर शाई त्यांच्या तळहाताला लागत असणार. मी त्यांना दिलेली भेट खरे तर मीच मला दिलेली होती. रोज माझे समाधान व्हावे म्हणून ते बिचारे तिचे ओझे खिशात वागवत होते.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. "हो रे मामा, डावखुऱ्याच आहेत! आणि त्यांच्या करंगळीच्या बाजूला निळा डाग असतो. मला वाटायचं, शाई गळते."

"आता शिरोरेघा का नाहीत ते कळलं?" मी म्हटले. आपण शब्द लिहून झाल्यावर शेवटी रेघ ओढतो. ओल्या अक्षरांच्या माथ्यावरून पुन्हा टोक न्यायचे आणि त्यामागून हात, म्हणजे डाग दुप्पट. बाईंनी रेघच सोडून दिली असावी.

"मग लवकर सुकणारी शाई देते," ती उत्साहाने म्हणाली.

तिथेच खरी मेख होती. अशी शाई लवकर सुकते ती बहुतेक कागदात चटकन मुरते म्हणून. बाईंच्या पातळ वहीत ती आणखी आरपार जाईल. आधीच त्या पानाच्या एकाच बाजूला लिहीत होत्या. बरे, उंची गुळगुळीत वही द्यावी, तर तिच्या कागदाला खळ चांगली असते. शाई आत न शिरता वर बसून राहते, पाठीमागे उमटत नाही, पण सुकायला वेळ घेते. म्हणजे हात अधिकच भरणार. एक दुखणे बरे करावे तर दुसरे बळावते. एकट्या वहीने भागणारे नव्हते आणि एकट्या शाईनेही नव्हते.

मला टीपकागद आठवला. शाळेच्या वहीत असे तो गुलाबी, जाडसर, मऊ कागद. त्याला खळ अजिबात नसते, म्हणून तो वर साचलेली शाई पिऊन टाकतो. वहीच्या मापाचा त्याचा तुकडा हाताखाली ठेवून लिहिले तर ओली ओळ टिपली जाते आणि तळहातही कोरडा राहतो. कागदी रुमालाची घडी घालून बाई तेच करू पाहत होत्या. पण तो सुरकुततो, फाटतो आणि लेखणीच्या टोकात त्याचे तंतू अडकतात.

"तुझ्याकडे शाईचं पेन आहे?" मी विचारले.

"शाळेतलं आहे."

"ते भरून दुकानात जा. मला न विचारता कागदाला विचार."

तिला मी तीन परीक्षा सांगितल्या. दुकानदाराची परवानगी घेऊन नमुन्याच्या पानावर तीन ओळी लिहायच्या. अक्षरांच्या कडा नीट राहतात की केसाळ फुटतात, ते पाहायचे. पान उलटून शाई पलीकडे आली का ते पाहायचे. आणि पाच, दहा, वीस असे आकडे मोजत, दर वेळी नव्या शब्दावर बोट फिरवायचे. वहीवर जीएसएम म्हणून छापलेल्या आकड्यावर भाळायचे नाही, हेही बजावले. तो एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन सांगतो, खळीबद्दल बोलत नाही. जाडजूड कागदही शाई फोडतो आणि पातळसा कागदही ती छान झेलतो.

तिने तीन वह्या तपासल्या. पहिली हातकागदाची, पानात फुलांच्या पाकळ्या असलेली. तिच्या ती प्रेमातच पडली होती. पण तिच्यावर प्रत्येक अक्षराला मुळे फुटली. दुसरी फार महागडी. मागे ठिपकाही नाही, पण वीस मोजले तरी शब्द ओला. तिसरी साध्या करड्या पुठ्ठ्याची, 90 जीएसएमची. कडा स्वच्छ, पाठ कोरी, बारा आकड्यांत बोट कोरडे. तिने तीच घेतली. एका जुन्या दुकानात टीपकागदाचे मोठे ताव मिळाले. ते तिने वहीच्या मापाने घरी कापले. सगळे मिळून पाचशेच्या आत.

"फारच कमी वाटतं रे," ती कुरकुरली. "आईसाठी त्यांनी इतकं केलं."

"म्हणूनच," मी म्हटले. "पाच हजारांची वस्तू दिलीस तर त्यांच्या केलेल्याची किंमत ठरेल. आणि मग पुढच्या दिवाळीला त्या तुझं देणं फेडायला निघतील. वहीत चार ओळी लिही, आईबद्दल. तेवढं पुरे."

तरी माझ्या मनात धाकधूक होतीच. फोटो किती सांगणार? कदाचित बाईंना आपली जुनी वहीच प्रिय असेल. धनत्रयोदशीला संध्याकाळी भाचीचा फोन आला. बाईंनी वही उघडली, आत लिहिलेले वाचले, मग टीपकागदाचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. शेवटी एवढेच म्हणाल्या, "शाळेत असताना वही घाण करते म्हणून मार खायचे मी. तुला कसं कळलं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बघितलं."

भाऊबीजेनंतर तिने एका पानाचा फोटो पाठवला. या वेळी बाईंनीच दिलेला. दोन्ही बाजूंना लिहिलेले पान. एकाही अक्षरामागे धूर नव्हता, आणि शब्दांवर, जरा वाकड्यातिकड्या का होईनात, रेघा होत्या.

माझे ते जुने शेजारी आता निवृत्त होऊन कोल्हापुरास असतात. दर दिवाळीला त्यांचे पत्र येते, बॉलपेनने लिहिलेले. यंदाचे पत्र मी खिडकीशी नेऊन नीट पाहिले. तीच बारीक निळी रेघ, आणि शेवटच्या चार ओळींत तुटत, पुसट होत गेलेली. रिफिल संपत आलेली असावी. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो, दुकानदाराला ते पत्र दाखवले आणि तशाच बारीक निळ्या डझनभर रिफिली घेऊन त्यांच्या पत्त्यावर धाडून दिल्या. सोबत काही लिहिले नाही.