बरणीतली मेथी

आमच्या मामंजींच्या जेवणातले मीठ डॉक्टरांनी कमी केले, तेव्हापासून स्वयंपाकघरात कसुरी मेथीला मान आला. अळणी वरणात तिची चिमूट पडली की ताटावरून न उठता ते भाकरी संपवतात. बाजारातल्या पुड्यांत मात्र कधी सुवासिक पाने निघतात, तर कधी नुसते पिवळे देठ आणि धूळ. म्हणून आम्ही ती घरीच वाळवू लागलो.

नावाविषयी आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. कसूर हे पंजाबातले गाव. 1947 नंतर ते पाकिस्तानात गेले. आज आपल्याकडची पुष्कळशी कसुरी मेथी राजस्थानातल्या नागौर भागातून येते. ती जातच निराळी असते. पाने बारीक आणि वास अधिक तीव्र. खडकवासल्याच्या बाजारात मिळते ती आपली नेहमीची भाजीची मेथी. तेव्हा आमच्या बरणीत असते ती खरे पाहता कसुरी मेथी नव्हे, वाळवलेली मेथी होय. वरणाला त्याने काही उणे पडत नाही.

नाताळानंतरच्या पंधरवड्यात जुड्या स्वस्त आणि कोवळ्या मिळतात, तेव्हा आम्ही चार मोठ्या जुड्या आणतो. फुलावर आलेली मेथी घेत नाही. ती वाळल्यावर कडवट होते. पाने खुडण्याआधीच जुडी धुवावी, हे आमच्या सासूबाईंचे सांगणे. खुडलेली पाने पाण्यात चोळली की चुरगळतात, काळी पडतात आणि त्यांचा वास पाण्याबरोबर जातो. धुतलेली जुडी मुळांची बाजू वर करून तासभर टांगून ठेवली म्हणजे पाणी निथळते. मग फक्त पाने खुडायची. जाड देठ राहिला तर पान वाळूनही तो आत ओला राहतो आणि पुढे सगळी बरणी नासवतो.

चार जुड्यांची सहाशे ग्रॅम पाने निघाली, तर वाळून नव्वद ग्रॅमच्या आसपास उरतात. ताज्या पानाच्या शंभर भागांत सुमारे 86 भाग पाणीच असते. ते घालवायचे आणि वास ठेवायचा, एवढेच काय ते काम. परंतु वासही पाण्यासारखाच उडून जाणारा. कडक उन्हात पाने दिवसभरात वाळतात खरी, पण रंग विटतो आणि हाती गवत उरते. उलट, कोंदट खोलीत आठ दिवस रेंगाळली तर ती तपकिरी होतात आणि त्यांना आंबूस वास येतो. म्हणून सावली हवी आणि वाराही हवा. आम्ही जुने सुती धोतर बाजेवर अंथरून त्यावर पानांचा एकच थर पसरतो. बाज असल्यामुळे खालूनही हवा लागते. दिवसातून दोनदा हलक्या हाताने पाने परतायची.

आमच्या गावची खरी अडचण आहे ती धरणाच्या पाण्याची. जानेवारीत दुपारची हवा कोरडी असते, पण संध्याकाळ झाली की गारवा उतरतो आणि पहाटे जलाशयावर धुके धरते. दिवसभर सुकलेले पान रात्रीतून पुन्हा मऊ पडते. त्यामुळे दिवेलागणीपूर्वी धोतराची चारी टोके धरून मेथी घरात आणावी लागते. एवढे पाळले तर चौथ्या दिवशी काम होते. पान बोटांत चुरले असता कुरकुर वाजले आणि बारीक देठ न वाकता तट्‌कन मोडला, म्हणजे झाले. शंका असेल तर तवा तापवून गॅस बंद करावा आणि त्यावर पाने दोन मिनिटे फिरवावी. गॅस चालू ठेवून भाजू नये.

पाने पूर्ण गार झाल्यावरच भरावी, आणि ती चुरू नयेत. चुरलेल्या पानाचा वास लवकर उडतो. चुरण्याचे काम वरणाच्या पातेल्यावर, तळहातांत करावे. कोरड्या काचेच्या बरणीचे झाकण घट्ट लावून ती दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवतो. काचेवर आतून दमटपणा दिसला किंवा पाने मऊ लागली, तर सगळी पुन्हा बाजेवर घालायची. कुबट वास आला किंवा पांढुरकी बुरशी दिसली, तर मात्र लोभ न धरता टाकून द्यावी. नंतर बरणी अंधाऱ्या फडताळात जाते. एकीऐवजी दोन लहान बरण्या आम्ही भरतो, कारण पावसाळ्यात झाकण उघडले की दमट हवा आत शिरते. दुसरी बरणी पहिली संपेपर्यंत उघडायची नाही, हा घरचा नियम.

चौघांच्या वरणाला एक चमचा पुरतो. कडकडीत फोडणीत टाकली तर ती क्षणात जळून कडू होते. म्हणून वरण उतरवण्यापूर्वी दोन मिनिटे चुरून घालायची आणि वर झाकण ठेवायचे. गेल्या श्रावणात दुसरी बरणी उघडली, तेव्हा मामंजींनी बाहेरच्या खोलीतूनच विचारले, "आज मेथी का?"