ढग म्हणजे स्पंज नव्हे!

माझी एक मैत्रीण सातवीला विज्ञान शिकवते. तिला जलचक्रावर दीड मिनिटाचं अ‍ॅनिमेशन हवं होतं आणि माझे दोन वीकेंड रिकामे होते. जलचक्र म्हटलं की तेच चित्र आठवतं ना? समुद्र, वर जाणारे बाण, ढग, खाली येणारे बाण. बाण पाठ होतात, पण मधे ढगात काय घडतं ते कळत नाही. म्हणून ठरवलं, मिनिटभर फक्त ढगातच घालवायचा.

सगळ्यात सोपी उपमा स्पंजची. भरला, पिळला, पाऊस! मुलांना लगेच पटते आणि तिथेच घोळ होतो. पाणी धरून ठेवणारं काहीतरी वर आहे असं त्यांना वाटतं. खरं तर ढग म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंबच (फार उंचावर बर्फाचे कण). वाफ तर दिसतच नाही. उकळत्या किटलीच्या तोटीला लागून जरा रिकामी जागा दिसते, तिथे खरी वाफ असते. पुढचा पांढरा लोट म्हणजे थेंब. मग न दिसणारी वाफ दाखवायची कशी? मी एक भिंग आणलं. भिंगाबाहेर स्वच्छ आकाश, भिंगात धावणारे ठिपके.

हवेतले धुळीचे, मिठाचे कण म्हणजे कट्टे. ठिपके येऊन टेकतात, काही उठून जातात. हवा गरम असेल तर सगळेच चुळबुळे, कट्टा भरतच नाही. हवा वर चढते, पसरते, गार होते, तसे उठणारे कमी होतात आणि कट्टा भरतो. झाला थेंब!

पण हा पाऊस नव्हे. हा थेंब जेमतेम 0.02 मिलिमीटरचा, सेकंदाला सेंटिमीटरभर खाली येणारा. वर येणारी हवा त्याला सहज उचलून धरते. पावसाचा थेंब साधारण 2 मिलिमीटरचा, म्हणजे व्यास शंभरपट आणि पाणी दहा लाखपट! मोहरी आणि फुटबॉल शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो.

मोहरीचा फुटबॉल होतो साखळीच्या खेळासारखा. जरा मोठा थेंब जास्त वेगानं पडतो, वाटेतल्यांना सामील करून घेतो, आणखी मोठा होतो, आणखी वेगानं पडतो. फक्त अगदी चिमुकले थेंब हवेच्या प्रवाहाबरोबर त्याच्या बाजूनं निसटतात. म्हणून सगळेच थेंब सारखे बारीक असतील तर साखळी सुरूच होत नाही आणि ढग न बरसता निघून जातो. गार ढगांत बर्फाच्या कणांमुळेही पाऊस पडतो, पण दीड मिनिटात दोन गोष्टी मावत नाहीत, तो भाग सोडला.

मुलांना समजलं की नाही हे बघायला मैत्रीण एकच प्रश्न विचारते: विमान ढगातून गेलं तर ढगाला भोक पडून पाणी गळेल का? डोक्यात स्पंज असलेली मुलं 'हो' म्हणतात. ज्यांनी साखळी पाहिली आहे ती उलट विचारतात, "विमानाच्या काचेवर थेंब जमतील ना?"

जमतात.